मदत हवी आहे : लॅपटॉपला नेट नाही, हॉटस्पॉटही दिसत नाही

मनवा_प
काल रात्रीपासून लॅपटॉपवर नेट बंद. मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला, तर लॅपटॉपला तोही दिसत नाही. उद्या सकाळी फाईल पाठवायची आहे. लवकर सांगा प्लीज.

रानपाखरू
राउटर बंद करून चालू करा. आमच्याकडे पाऊस आला की हेच होतं. मग केबलवाल्याला फोन करा, तो उचलत नाही ती गोष्ट वेगळी.

मनवा_प
राउटर ठीक आहे हो. मोबाईलला त्याच वायफायवर नेट येतंय.

तात्या_पुणेकर
हे आधी सांगायचं ना! विंडोज आहे का? नेटच्या चिन्हावर क्लिक केल्यावर Wi-Fi चं बटण तरी दिसतं का?

मनवा_प
विंडोज ११. बटणच गायब आहे, फक्त Airplane mode दिसतंय.

तात्या_पुणेकर
मग हॉटस्पॉट दिसेलच कसा? तोही वायफायनेच येतो, आणि तुमचं वायफाय कार्डच लॅपटॉपला सापडत नाहीये. फोन केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये USB tethering चालू करा. त्याला वायफाय कार्ड लागत नाही. फोन घरच्या वायफायवरच राहू द्या, बहुतेक अँड्रॉइड फोन तेच नेट केबलमधून पुढे देतात, डेटा जात नाही.

मनवा_प
USB tethering फिकट दिसतंय, दाबलंच जात नाही. फोन चार्ज मात्र होतोय.

तात्या_पुणेकर
केबल नुसती चार्जिंगची असणार. फोनच्या बॉक्समधली घ्या.

निखिल७७
माझ्या आयफोनला विंडोजवर आधी ॲपलचा ड्रायव्हर टाकावा लागला होता. सॅमसंगला लागतो का?

मनवा_प
केबल बदलली, नेट आलं! लॅपटॉपवर Ethernet दिसतंय. फाईल गेली. आता वायफायचं काय?

बाबूराव_आयटी
Network reset मारा. माझ्या ऑफिसात शंभर टक्के चालतं.

तात्या_पुणेकर
बाबूराव, रिसेटने सेटिंग सुधारेल. जे कार्ड विंडोजला दिसतच नाही ते कुठून आणणार? केबलने नेट आलं, म्हणजे राउटर आणि विंडोज दोन्ही ठीक. राहिलं कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर. ताई, Device Manager मध्ये Network adapters उघडा.

मनवा_प
Wi-Fi 6 नावावर पिवळा त्रिकोण आहे. Code 10.

तात्या_पुणेकर
म्हणजे दिसतंय, पण सुरू होत नाही. लॅपटॉप शट डाउन करा, चार्जर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करा. नाहीच झालं तर याच टेदरिंगवर कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवा.

बाबूराव_आयटी
दिसत नाही म्हणालात, आता दिसतंय म्हणता. 😀

मनवा_प
पॉवर बटणाने वायफाय आलं! पण झाकण मिटून उघडलं की परत गायब. ड्रायव्हर टाकू की दुकानात नेऊ?

रानपाखरू
राउटर तरी बघाच एकदा.