मदत हवी आहे : जुन्या कपाटाच्या जाहिरातीचं टायटल कसं लिहू? गोव्यातलं कोणी फोनच करत नाहीये

पर्वरीकर_अ : नमस्कार मंडळी, आम्ही महिनाअखेरीस पुण्याला शिफ्ट होतोय आणि कपाट न्यायला परवडत नाही म्हणून तीन आठवड्यांपूर्वी ऑनलाइन जाहिरात टाकली. टायटल होतं "लाकडी कपाट विकणे आहे, उत्तम कंडिशन, अर्जंट". फोन आले ते कोल्हापूर, सावंतवाडीकडून, बाकीचे फक्त "साईज?" एवढाच मेसेज टाकून गायब. कपाट आईने हौसेने बनवून घेतलं होतं, भंगारात द्यायला जीव होत नाही. टायटलमध्ये नेमकं काय काय घालायचं?

म्हापशेकर : कपाट अजून आहे का? मला दोन दारांचं चालेल, पण ड्रेसिंग टेबल पण असेल तर बघतो.

पर्वरीकर_अ : दादा, ड्रेसिंग टेबल नाही, आणि हा धागा टायटल कसं लिहायचं त्याबद्दल आहे. कपाटासाठी व्यनि करा.

सां_नाईक : माझा अनुभव सांगतो, "अँटिक" किंवा "पोर्तुगीज काळातलं" लिहा, लगेच लोक बघतात. आणि म्हापसा पणजी मडगाव फोंडा सगळी गावं टायटलमध्ये टाका, म्हणजे कुठूनही सर्च केलं तरी दिसेल.

मेस्ताची_मुलगी : नाईकदादा, गावाचं नाव हवं हे बरोबर, पण एकच हवं, जिथून उचलायचं तेच. मडगावचा माणूस नाव बघून फोन करतो आणि पर्वरीहून न्यायचंय कळलं की टेम्पोचं भाडं ऐकूनच ठेवून देतो. आणि "अँटिक" लिहिलं की जुन्या वस्तूंचे डीलर येतात, फ्लॅटमध्ये कपाट हवं असलेलं जोडपं येत नाही. ताई, कपाट कधीचं? आणि लाकूड कुठलं?

पर्वरीकर_अ : 2013 साली बनवलं. आई सागवानच म्हणायची.

मेस्ताची_मुलगी : आमचे बाबा मेस्त, त्यामुळे सांगते, एक काम करा. दार उघडा आणि दाराची कड बघा, मग आत मागची फळी आणि शेल्फची कड बघा. जिथे कड सँडविचसारखी थराथराची दिसेल ते प्लाय. कडेवर पट्टी मारलेली असेल तर बिजागरीच्या खाचेत बघा, तिथे थर लपत नाहीत. अख्खं लाकूड असेल तर वरच्या रेषा कडेवरून वळून पुढे जातात, विनियर असेल तर कडेला तुटतात.

पर्वरीकर_अ : आत्ता टॉर्च लावून बघून आले. दारांची फ्रेम अख्ख्या लाकडाची आहे, पण बाजू आणि शेल्फ थरांचे! खाली पायाजवळ नखाने दाबलं तर डाव्या कोपऱ्यात थोडं फुगलंय, लादी पुसताना पाणी लागतं तिथे. आता काय, सागवान लिहू नको का?

मेस्ताची_मुलगी : लिहा, पण "सागवान दारं, प्लाय बॉडी". नुसतं "सागवान" वाचून माणूस बघायला येतो, कड बघतो आणि किंमत निम्मी करतो, वर आपण खोटे ठरतो ते वेगळंच. फुगलेल्या कोपऱ्याचा फोटो आतल्या वर्णनात टाका, पावसाळ्यात गोव्यातला प्रत्येक जण तेच विचारतो. आता मापं घ्या, पट्टीने, अंदाजे नको.

पर्वरीकर_अ : रुंदी 42 इंच, खोली 22, उंची 78.

मेस्ताची_मुलगी : म्हणजे साडेतीन बाय साडेसहा फूट. टायटलमध्ये रुंदी आणि उंची एवढंच, फुटात, कारण घेणारा आधी भिंत आणि माळ्याखालची जागा बघतो. खोली वर्णनात, पण लिहाच. आडवं आत नेऊन उभं करताना तिरकी उंची 81 इंच लागते, म्हणजे पावणेसात फूट, माळा त्याहून खाली असेल तर त्याच्याखाली उभं होणारच नाही. वर्षाचं म्हणाल तर "12 वर्षं जुनं" असं नको, "2013" लिहा, जाहिरात पडून राहिली तरी चुकत नाही. शेवटी "पर्वरी". "विकणे आहे" आणि "अर्जंट" काढा, मोबाइलवर यादीत सुरुवातीचे शब्दच दिसतात, ते त्यातच संपतात.

सां_नाईक : मान्य, अँटिक नको. पण इंग्रजीत लिहा हो, इथे लोक सर्च करतात तेव्हा cupboard च टाइप करतात. आणि गावाच्या स्पेलिंगची गंमत असते, मडगाव कोणी Margao लिहितो, स्टेशनवर Madgaon. पर्वरीला Porvorim एकच चालतं, बरंय.

पर्वरीकर_अ : हे टाकलंय बघा :

```
Cupboard, teak doors ply body, 3.5x6.5 ft, 2013, Porvorim
```

मराठी नावं वर्णनात घातली. कालपासून तीन फोन, तिघेही बार्देश-तिसवाडीतले, आणि साईज कोणी विचारली नाही! पण तिघांनी एकच विचारलं, कितवा मजला, लिफ्ट आहे का. तिसरा आहे, लिफ्ट नाही. हे पण टायटलमध्ये घालू का?

मेस्ताची_मुलगी : मी वर्णनातच ठेवीन, टायटलमध्ये वाचून लोक उघडणारच नाहीत.

सां_नाईक : मी तर घालीन. तिसऱ्या मजल्यावरून उतरवायची तयारी असलेलाच फोन करेल, तुमचे तीन फोन वाया नाही जाणार.

म्हापशेकर : मला तिसरा मजला चालेल, दोन पोरं आहेत सोबत. रविवारी येऊ का ताई?