पांढरे केस ठेवावेत की रंगवावेत?

गोरेगाव_स्लो: वय 46. सात महिने झाले, केस रंगवणं बंद केलंय. परवा लोकलमध्ये एका मुलीनं “आजी, बसा” म्हणून जागा दिली. साहेब विचारतात, “घरी सगळं ठीक ना?” पुन्हा रंग लावू का?

ठाणेकर: लावा. मी मुलाखती घेतो. पुरुषाचे केस पांढरे असले की ‘अनुभवी’, बाईचे असले की ‘स्वतःकडे लक्ष नाही’. चूक आहे, पण मुंबईत नोकरी टिकवायची तर ती चूक धरूनच चालावं लागतं. अमोनिया नसलेला रंग घ्या, काही होत नाही.

कात्रीवाली: “काही होत नाही” हे दादरच्या आमच्या पार्लरमध्ये रोज ऐकते. अमोनियाचा वास जातो, इतकंच. काळा रंग पक्का बसतो तो बहुतेक वेळा पीपीडी नावाच्या रसायनामुळे, आणि ते बिनअमोनियाच्या डब्यातही असू शकतं. आमची एक गिऱ्हाईक आठ वर्षं एकच रंग लावत होती. नवव्या वर्षी कानामागे खाज सुटली, तिनं घामोळं समजून सोडून दिलं. पुढच्या वेळी रंग लावला आणि दुसऱ्या दिवशी पापण्या एवढ्या सुजल्या की डोळे उघडेनात. अंगानं एकदा हे नाकारलं की सहसा कायमचं नाकारतं. म्हणून दर वेळी आधी कानामागे ठिपका लावून 48 तास थांबायचं. आधी सोसलं म्हणून आता सोसेलच असं नाही.

माजघर: त्यापेक्षा काळी मेंदी लावा, नैसर्गिक असते. आणि पांढरा केस उपटू नका, एकाचे दहा होतात.

कात्रीवाली: दहा होत नाहीत हो, त्या मुळातून पुन्हा तोच एक येतो. पण उपटू नका हे खरं, सारखं उपटून मूळ कायमचं बिघडतं. मेंदीचा रंग केशरी-लालच. थेट काळी रंगते तिच्यात पुष्कळदा पीपीडीच मिसळलेलं असतं. काळेच हवे असतील तर आधी मेंदी, ती धुऊन मग निळीच्या पाल्याची पूड. वेळखाऊ आहे.

चंद्रकोर: तुम्हाला निदान रंगवायला केस तरी आहेत! माझं 27व्या वर्षी कपाळ मागे सरकलं. स्थळ बघायला टोपी घालून जायचो. शेवटी वस्तरा फिरवला, तर वॉचमन हळूच म्हणाला, “साहेब, घरात कोणी गेलं का?” आता रोज तासतो, तर रिक्षावाले भाड्यासाठी वाद घालत नाहीत. गुंड समजत असावेत.

गोरेगाव_स्लो: 😄 मला पांढऱ्यापेक्षा ती मधली रेघ बोचते. वर पांढरं, खाली तांबूस.

कात्रीवाली: केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तुमचे सात-आठ सेंटिमीटर झाले असतील. खांद्यापर्यंतचा रंग निघायला अजून दोन वर्षं तरी लागतील. धीर नसेल तर आखूड कापा, रेघ एका दिवसात जाते.

गोरेगाव_स्लो: आमच्याकडे बॉयकट म्हणजे ‘सुनेचं काहीतरी बिनसलंय’.

ठाणेकर: कापायचेच असतील तर अप्रेझल होऊ द्या आधी.

कात्रीवाली: दादा, तुमचे केस कोण रंगवतं?