मदत हवी आहे: फेज-शिफ्ट पद्धतीच्या एसएसबीत दुसरा साइडबँड दबत नाही

ऐरोलीत घरीच ४५५ kHz वर एसएसबी बनवतोय, डमी लोडवरच. पूर्ण एएममध्ये १०० टक्के मॉड्युलेशनला १५० पैकी १०० वॅट नुसत्या कॅरियरवर जातात आणि ३ kHz आवाजाला ६ kHz जागा लागते. इथे २५ वॅट आणि ३ kHz पुरतात, पण दुसरा साइडबँड खरंच गेला तर!

दोन बॅलन्स्ड मॉड्युलेटर आहेत. एकाला ऑडिओ थेट, दुसऱ्याला एका ऑप-अँपच्या ऑल-पासमधून, ९० अंश १ kHz ला जुळवलेले. १ kHz चा टोन दिला की वरचा साइडबँड सुमारे ३८ dB खाली जातो. २ kHz ला जेमतेम ९-१० dB. गणितही तेच सांगतं: तिथे फेज १२७ अंश होते, म्हणजे ३७ अंशांची चूक.

कॅरियरची फेज आणि दोन्ही बाजूंची पातळी पुन्हा जुळवून पाहिली, काडीचा फरक नाही. क्रिस्टल फिल्टर सुचवू नका, मला हीच पद्धत शिकायचीय.

३०० ते ३००० Hz मध्ये ४० dB हवं, म्हणजे चूक साधारण १ अंशाच्या आत. त्यासाठी दोन्ही फाट्यांत ऑल-पासचे किती टप्पे लागतील, आणि १ टक्क्याचे रेझिस्टर-कपॅसिटर पुरतील का?