अनुभव धागा: फोनला नाव सांगितलं एक, त्याने लावला भलत्यालाच!

अनघा_गिरगाव
काल माळा आवरताना बाबांचा नोकियाचा ठोकळा सापडला. त्यात व्हॉइस डायलिंग होतं, मोजून आठ नावांचं. बाबांनी एका रविवारी पंखा बंद करून, आम्हाला गप्प बसवून एकेक नाव म्हणून भरलं होतं. सोमवारी दादरच्या पुलावर उभे राहून ते "अण्णा... अण्णा..." करत होते आणि फोन ढिम्म! पुढे चाललेले एक गृहस्थ मात्र मागे वळले.

हे आठवायचं कारण म्हणजे आई. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, स्क्रीन नीट दिसत नाही, म्हणून तिला बोलून फोन लावायला शिकवलं. बाकी सगळे लागतात, फक्त ठाण्याची आत्या लागत नाही. आत्याचं नाव ज्ञानदा, सेव्ह केलंय Dnyanada असं. आई म्हणते "कॉल ज्ञानदा" आणि फोन जातो नंदा टेलरला. नंदाताईंनी काल विचारलं, ब्लाऊज इतका अर्जंट आहे का?

तुमचेही किस्से सांगा. आणि उपाय असेल तर आधी तो सांगा.

मीनल७७
😂😂 नंदा टेलर! आमच्याकडे 'आई' म्हटलं की फोन गप्पच बसतो, पुढचं ऐकायची वाट बघत. आईसुद्धा नाव घेतल्यावर अशीच थांबते, त्यामुळे मला फार वावगं वाटलं नाही.

भाऊ_वसई
सोपं आहे. सेटिंगमध्ये जाऊन आईंचा आवाज पुन्हा रेकॉर्ड करा. तीन-चार वेळा बोलायला लावतो तो. आवाज ओळखीचा झाला की नावंही ओळखतो.

टेस्टिंगवाला
भाऊ, तो आवाज फक्त फोनला जागं करण्यासाठी असतो, बोलणारी व्यक्ती मालकच आहे ना हे बघायला. नावाच्या उच्चाराशी त्याचा संबंध नाही. मी चार वर्षं हेच तपासायचं काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

बाबांचा ठोकळा नाव वाचतच नव्हता. भरलेला आवाज आणि आत्ताचा आवाज जुळतो का, एवढंच बघायचा. त्यामुळे ज्ञानदा काय नि झुळूक काय, त्याला सारखंच. पण सर्दी झाली किंवा पुलावरची गर्दी मध्ये आली की संपलं. आताचा फोन उलटा चालतो. आधी तुमचं बोलणं अक्षरांत उतरवतो, मग ती अक्षरं कुठल्या कॉन्टॅक्टशी जुळतात ते शोधतो. भाषा इंग्रजी ठेवलेली असेल तर सुरुवातीचं 'द्न्य' इंग्रजीत नसतंच, म्हणून तो जवळचं काहीतरी पकडतो.

अनघा, एक करून बघा. नोट्स उघडा, कीबोर्डचा माइक दाबा आणि आईंना पाच वेळा नुसतं नाव म्हणायला सांगा. काय उमटतं ते इथे लिहा. नाव तुम्ही म्हणू नका, त्यांनीच म्हणायला हवं.

खडूस_काका
मुळात उच्चार 'द्न्यान' की 'ग्यान' यावर आधी एकमत होऊ द्या, मग फोनला दोष द्या.

चिंगी
काका, मराठीत द्न्य आणि हिंदीत ग्य. झालं एकमत. कुकर लावलाय, नंतर भांडू.

८.१२_स्लो
माझ्या साहेबांचं आडनाव झगडे. मी 'झ' चमच्यातल्या 'च'सारखा दातांशी म्हणतो, फोन तो झेंड्यातल्यासारखा घेतो. शेवटी 'Boss' म्हणून सेव्ह केलं. आता फोन 'Bose' नावाच्या क्लाएंटला लागतो. गाडीत कोंबलेला असताना लागला तर दोघांनाही फक्त लोकांचा आवाज ऐकू येतो, हे एक बरं.

अनघा_गिरगाव
@टेस्टिंगवाला केलं. आई खुर्चीत ताठ बसून म्हणत होती, जणू आकाशवाणीची ऑडिशन. उमटलं ते असं: Dayanand, the Nanda, Dayanand, Diana da, the Nanda.

मीनल७७
डायनादा!! आत्याबाई लंडनला पोचल्या.

टेस्टिंगवाला
हेच हवं होतं. 'द' आणि 'न्य' फुटून वेगळे होतायत. आता कॉन्टॅक्ट उघडून Edit करा, More fields मध्ये जा. तिथे Phonetic first name असतं आणि Nickname पण. फोन आत्याचं नाव चुकीचं *म्हणत* असेल तर पहिला रकाना कामाचा. नाव *ऐकून* जुळवण्यासाठी माझा भरवसा Nickname वर जास्त. आईंच्या तोंडून फोनला जे ऐकू येतं तेच त्यात लिहायचं. the Nanda नको, टेलरबाई मध्ये येतील. Dayanand लिहा.

अनघा_गिरगाव
दयानंद आमचा प्लंबर आहे 🤦‍♀️ आणि हो, आत्याच्या पानावर हे रकाने दिसतच नाहीयेत. फक्त नाव आणि नंबर.

टेस्टिंगवाला
मग तो नंबर सिमकार्डावर सेव्ह आहे. सिमवर नाव-नंबरापलीकडे फारसं काही मावत नाही. आधी गूगल खात्यात कॉपी करा आणि सिमवरचा काढून टाका, नाहीतर दोन आत्या होतील आणि फोन विचारत बसेल, कुठली?

गोरेगावची_सून
आयफोनवर Edit करून खाली add field मध्ये Pronunciation first name मिळतं. माझ्या जाऊबाई मृण्मयी, त्यांच्यासाठी Mrun-mayee लिहिलं. आता फोन नाव छान म्हणतो. मी म्हटलेलं मात्र दहातलं सहा वेळाच कळतं त्याला.

भाऊ_वसई
मग भाषा मराठीच ठेवा ना! मराठीत 'ज्ञ' बरोबर येतो, मी बघितलंय.

चिंगी
येतो, पण माझी बाकीची सगळी नावं इंग्रजी अक्षरांत आहेत. मराठी केल्यावर 'जोशी' लागले, 'Wellness Physio' गायब. ज्यांची सगळी यादी देवनागरीत आहे त्यांना चालेल.

खडूस_काका
आई नणंदेला नावाने हाक मारतात? आमच्या वेळी असं नव्हतं.

अनघा_गिरगाव
काका, आज तुमच्यामुळे काम झालं! आईला विचारलं तर म्हणाली, "मी कुठे नावाने हाक मारते, तू सांगितलंस म्हणून ज्ञानदा म्हणतेय. मी वन्संच म्हणते." नोट्समध्ये पाच वेळा 'वन्सं' म्हणायला लावलं. चार वेळा once उमटलं, एकदा ones!

टेस्टिंगवाला
वा! पण नुसतं Once ठेवू नका. "call once" म्हणजे 'एकदा फोन कर' असं धरून तो विचारेल, कुणाला? एक-दोन अक्षरी नावं तशीही हुकतात. मागे काहीतरी जोडा.

अनघा_गिरगाव
तेच झालं. त्याने विचारलं, आई म्हणाली "अरे सांगितलं ना, वन्संना!" आता Nickname मध्ये Once Thane लिहिलंय. आई "कॉल वन्सं ठाणे" म्हणते. सकाळपासून सात वेळा केलं, सहा वेळा लागला. सातव्या वेळी मिक्सर चालू होता.

आत्या वैतागलीय, सहा कसले फोन म्हणून.

८.१२_स्लो
हे गाडीच्या ब्लूटूथवर चालेल का? भावाची वॅगन आर आहे. स्टिअरिंगवरचं बटण दाबून बोललं की टोपणनाव ओळखतच नाही.

टेस्टिंगवाला
काही गाड्या फोनमधली यादी स्वतःकडे उतरवून घेतात आणि स्वतःच ऐकतात. त्यात टोपणनाव येत नाही. बटण दाबून धरून बघा, काही गाड्यांत मग फोनच ऐकतो. या गाडीत काय आहे ते मला माहीत नाही.

८.१२_स्लो
दाबून धरलं. रेडिओ लागला.

मीनल७७
अनघा, त्या नंदाताई फॉल-पिको करतात का? नंबर दे ना.