शब्दचर्चा : मेगाकॅरिओसाइटमधून प्लेटलेट 'फुटते', 'सुटते' की 'तुटते'?

शब्दवेडी_नाशिक
एका रुग्णपत्रिकेचा अनुवाद करते आहे. विषय आयटीपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते तो आजार. चार ठिकाणी अडले आहे. एक, प्लेटलेटला बिंबाणू म्हणू की रक्तपट्टिका? दोन, मेगाकॅरिओसाइट, म्हणजे हाडांच्या मज्जेतली जिच्यापासून प्लेटलेट होतात ती पेशी, तिला काय म्हणू? तीन, मूळ मजकुरात प्लेटलेट या पेशीतून कोंबासारख्या बाहेर येतात असं क्रियापद आहे. मी 'अंकुरतात' लिहिलं, पण वाक्य वाचताना खटकतं. चार, थ्रॉम्बोपोएटिन, म्हणजे नव्या प्लेटलेट करायला सांगणारं संप्रेरक. वाचणारे लोक दहावीपर्यंत शिकलेले, काही त्याहून कमी. नेमका शब्द हवा आणि तो घाबरवणारा नको.

संस्कृतप्रेमी
बिंबाणू सुंदर आहे. बिंब म्हणजे तबकडी, सूर्यबिंबातलं तेच. शांत असलेली प्लेटलेट खरोखर चपट्या तबकडीसारखी असते. 1882 साली तुरीनच्या बित्सोझेरोने तिला इटालियनमध्ये 'छोट्या पट्ट्या' अशा अर्थाचंच नाव दिलं होतं, त्यामुळे रक्तपट्टिकाही मुळाला धरून आहे. मेगाकॅरिओसाइटला 'महापेशी' करा, सोपं. आणि थ्रॉम्बोस म्हणजे गुठळी, पोएसिस म्हणजे घडवणं, म्हणून 'गुठळीजनक'.

ओवीची_आई
बिंबाणूबद्दल सांगू का? मागच्या पावसाळ्यात मुलीला डेंग्यू झाला तेव्हा वॉर्डातल्या फळ्यावर हा शब्द होता. सासूबाईंना वाटलं विषाणू, जीवाणू तसाच हा एक. 'बिंबाणू वाढले' ऐकून त्या रडायलाच लागल्या. आणि आमच्या गल्लीत सगळे 'पांढऱ्या पेशी कमी झाल्या' म्हणत होते. तिच्या पांढऱ्या पेशी खरंच 2,900 होत्या, पण डॉक्टर रोज बघत होते ते प्लेटलेट. दोन्ही आकडे एकत्र करून आम्ही नातेवाइकांना भलतंच सांगत राहिलो.

स्लाइडवाला
मी पंधरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. ताई म्हणतात तो घोळ दर पावसाळ्यात काउंटरवर ऐकतो. पत्रिकेत सरळ 'प्लेटलेट' लिहा. रिपोर्टवर तेच छापलेलं असतं, घरात तेच बोलतात. फक्त 'प्लेटलेट पेशी' लिहू नका. ती पेशी नाही, पेशीचा तुकडा आहे. तिला केंद्रक नसतं, दोन-तीन मायक्रॉनची असते, विभागून आणखी प्लेटलेट करू शकत नाही.

रक्तशास्त्र_निवृत्त
स्लाइडवाल्यांशी सहमत. 'महापेशी' मात्र नको. त्या नावात 'कॅरिओ' आहे, म्हणजे केंद्रक. 1890 साली विल्यम हॉवेलने हे नाव दिलं तेव्हा मज्जेत दोन प्रकारच्या अवाढव्य पेशी दिसत होत्या. एकीत बरीच वेगवेगळी केंद्रकं, हाड कुरतडणारी ती. दुसरीत एकच, पण प्रचंड आणि वेडंवाकडं केंद्रक. दुसरीला त्याने मेगाकॅरिओसाइट म्हटलं. सगळं वेगळेपण केंद्रकात आहे आणि तेच अनुवादात गळतंय.

केंद्रक मोठं का, हेही सांगतो. ही पेशी आपली गुणसूत्रं दुप्पट करते, विभाजनाची तयारी करते आणि ऐन वेळी विभागायचं सोडून देते. पुन्हा दुप्पट, पुन्हा थांबते. आपल्या साध्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच, हिच्यात बहुधा सोळा, कधी चौसष्टही. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, ही पन्नास ते शंभर. एवढा पसारा लागतो, कारण तिला एकटीला हजारभर ते काही हजार प्लेटलेट पुरवायच्या असतात. 'महाकेंद्रकी पेशी' म्हणा. एकदा समजावून दिलं की पुढे 'मज्जेतली मोठी पेशी' एवढंच चालेल.

'अंकुरतात' खटकतं ते बरोबरच खटकतं. अंकुर वाढून स्वतंत्र झाड होतो. यीस्टच्या पेशीला कोंब येतो, तो वाढून नवी पेशी होते, आई तशीच राहते. इथे तसं काही नाही. मोठी पेशी मज्जेतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसते आणि भिंतीच्या फटीतून लांब, बारीक दोरे आत सोडते. ओढ्याकाठच्या वडाच्या पारंब्या पाण्यात लोंबतात ना, तसं चित्र डोळ्यांसमोर आणा. दोऱ्याच्या आत सूक्ष्मनलिका एकमेकींवर सरकतात, त्याने दोरा लांबतो आणि मण्यांसारखे फुगवटे येतात. रक्ताच्या ओढीने दोरा तुटतो. तुटलेले लांबट तुकडे वाहता वाहता आणखी तुटतात, तेव्हा कुठे नेहमीच्या मापाची प्लेटलेट होते. शेवटी पेशीचं सगळं अंग असं वाटून संपतं, केंद्रक तेवढं उरतं आणि साफसफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात. म्हणून माझं मत 'तुटून सुटतात'.

संस्कृतप्रेमी
पारंब्या पटल्या. पण पारंबी जमिनीत रुजते, ही रुजत नाही. आणि 'तुटणे'मध्ये मोडतोडीची छटा आहे. रुग्णाला वाटेल काहीतरी बिघडलं.

रक्तशास्त्र_निवृत्त
आक्षेप रास्त. 'सुटतात' पुरेल. एक सांगायला हवं. 2007 मध्ये जिवंत उंदराच्या कवटीच्या मज्जेत हे तुकडे रक्तात सुटताना प्रत्यक्ष पाहिले गेले. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मात्र मांडलं की बहुतेक प्लेटलेट दोऱ्यातून येत नाहीत, पेशीच्या पृष्ठभागावर फुगवटे येऊन थेट निसटतात. दुसऱ्या गटांना ते मान्य नाही. म्हणजे तुमच्या मूळ लेखकाचं कोंबाचं क्रियापद अगदीच चूक ठरवता येणार नाही. 'सुटतात' दोन्ही बाजूंना चालतं.

स्लाइडवाला
थ्रॉम्बोपोएटिनला 'गुठळीजनक' अजिबात नको. रुग्ण म्हणेल हे औषध घेतलं की गुठळी होणार. त्यातला थ्रॉम्बो म्हणजे थ्रॉम्बोसाइट, प्लेटलेटचंच दुसरं नाव. प्लेटलेट कमी झाल्या की यकृत हे जास्त बनवतं आणि मज्जा कामाला लागते. 'प्लेटलेटवर्धक' म्हणा.

रक्तशास्त्र_निवृत्त
'गुठळीजनक' नको हे खरं. पण 'कमी झाल्या की यकृत जास्त बनवतं' हे तांबड्या पेशींच्या संप्रेरकाचं वर्णन झालं. तिथे मूत्रपिंड प्राणवायूची टंचाई ओळखतं आणि उत्पादन वाढवतं. इथे मोजणारा कोणी नाही. यकृत रोज साधारण ठरलेला रतीब घालतं. प्लेटलेटच्या अंगावर या संप्रेरकाला धरणारे ग्राहक असतात, त्या ते धरून गिळून टाकतात. घरात दहा माणसं असली तर दूध संपतं. दोनच असली तर उरतं. जे उरतं ते मज्जेतल्या मोठ्या पेशींपर्यंत पोचतं आणि त्यांची संख्या व आकार वाढतो. प्लेटलेट वाढल्या की खाणारी तोंडं वाढतात, उरणं कमी होतं. एवढंच ते नियंत्रण.

आयटीपीच्या पत्रिकेला हे का हवं ते बघा. मज्जाच सुकली, म्हणजे अप्लास्टिक ॲनिमिया असला, तर प्लेटलेटही नाहीत आणि मोठ्या पेशीही नाहीत. खाणारं कोणी नाही, रक्तात थ्रॉम्बोपोएटिन साचतं, पातळी फार चढते. आयटीपीत प्लेटलेट तितक्याच कमी असू शकतात, पण मज्जा मोठ्या पेशींनी भरलेली असते. त्याही खातात आणि नव्या प्लेटलेट मरण्याआधी आपला वाटा घेऊन जातात. त्यामुळे पातळी नेहमीइतकी किंवा थोडीच जास्त राहते. गरज आहे आणि इशारा पोचत नाही. बाहेरून इशारा देणारं औषध म्हणूनच उपयोगी पडतं.

स्लाइडवाला
मग ताप, संसर्ग असताना प्लेटलेट सहा-सात लाखांवर जातात त्या कशा? रतीब ठरलेला असेल तर तसं व्हायला नको. माझ्यासमोर असे रिपोर्ट येतात.

रक्तशास्त्र_निवृत्त
चांगलं अडवलंत. 'साधारण ठरलेला' म्हटलं ते त्यासाठीच. दाह असला की इंटरल्युकिन-6 नावाचं निरोप देणारं प्रथिन यकृताला सांगतं आणि रतीब वाढतो. 2015 मध्ये आणखी एक वाट उंदरांमध्ये दिसली. म्हाताऱ्या प्लेटलेटच्या अंगावरची विशिष्ट साखर झडलेली असते, यकृत त्यांना ओळखून गिळतं आणि त्याच खुणेने संप्रेरक जास्त करतं. म्हणजे यकृत अगदीच आंधळं नाही. माणसात या वाटेचा वाटा किती, यावर अजून एकमत नाही.

ओवीची_आई
मला एक विचारायचंय, चुकत असेन तर सांगा. ओवीचे आकडे असे होते. तिसऱ्या दिवशी 1,40,000, पाचव्या दिवशी 62,000, सहाव्या दिवशी 28,000. त्या दिवशी लॅबवाल्या भाऊंनी सांगितलं, 'मोठ्या मोठ्या नव्या प्लेटलेट दिसताहेत, उद्या चढेल.' सातव्या दिवशी 41,000, नवव्याला 1,10,000. त्यांना आधी कसं कळलं? आम्ही पपईच्या पानांचा रसही देत होतो, मला वाटलं त्यानेच.

स्लाइडवाला
ताई, नुकतीच सुटलेली प्लेटलेट मोठी असते आणि तिच्यात आरएनए शिल्लक असतो. काचपट्टीवर मोठ्या दिसतात, काही यंत्रं अशा कोवळ्या प्लेटलेटची टक्केवारीही देतात. एकूण आकडा तळाला असतानाच ती टक्केवारी चढू लागली, तर मज्जा परत चालू झाली असं समजायचं. आकडा एक-दोन दिवसांनी मागून येतो. 28,000 खरे आहेत का, हेही आम्ही काचेवर बघतो, कारण काहींच्या रक्तात नळीतल्या रसायनामुळे प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि यंत्र खोटा कमी आकडा देतं.

रक्तशास्त्र_निवृत्त
डेंग्यूत पहिले काही दिवस मज्जा दबते आणि रक्तातल्या प्लेटलेटही नष्ट होतात. मज्जा उठली तरी मोठी पेशी पिकून प्लेटलेट सुटायला काही दिवस जातात. त्यामुळे सहाव्या दिवशी दिसलेल्या कोवळ्या प्लेटलेटची तयारी ताप असतानाच सुरू झाली असणार. आदल्या दिवशी दिलेल्या रसाला त्याचं श्रेय देणं कठीण आहे.

शब्दवेडी_नाशिक
सगळ्यांचे आभार. 'कोवळ्या प्लेटलेट' मी उचलते आहे, फार चांगला शब्द. आता एकच राहिलं. औषधाच्या परिच्छेदात मी 'कृत्रिम थ्रॉम्बोपोएटिन' लिहिलं आहे. चालेल?

रक्तशास्त्र_निवृत्त
नाही, आणि त्यामागे एक वाईट अनुभव आहे. 1994 मध्ये हे संप्रेरक हाती आलं तेव्हा त्याच्याच तुकड्यासारखं औषध बनवलं गेलं. ते टोचलेल्या काही निरोगी माणसांच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली आणि त्या प्रतिपिंडांनी त्यांचं स्वतःचं थ्रॉम्बोपोएटिनही निकामी केलं. प्लेटलेट वाढायच्या ऐवजी घसरल्या. 1998 मध्ये ते काम थांबलं. 2008 मध्ये आलेली रोमिप्लोस्टिम आणि एल्ट्रोम्बोपॅग मुद्दाम अशी बनवली आहेत की रचनेत मूळ संप्रेरकाशी साम्य नाही, ग्राहक मात्र तोच चेतवतात. 'कृत्रिम' म्हटलं की नेमकी ही गोष्ट पुसली जाते.

संस्कृतप्रेमी
'थ्रॉम्बोपोएटिनसारखं काम करणारं औषध'? लांब आहे, पण खोटं नाही. 'गुठळीजनक' मी मागे घेतो.

शब्दवेडी_नाशिक
मसुदा असा : 'प्लेटलेट या पूर्ण पेशी नसून हाडांच्या मज्जेतल्या मोठ्या पेशीचे सुटलेले तुकडे असतात. यकृत दररोज एक संप्रेरक रक्तात सोडतं. प्लेटलेट ते वापरून टाकतात. त्यातून जे उरतं, ते मोठ्या पेशींना नव्या प्लेटलेट करायला सांगतं.'

ओवीची_आई
सासूबाईंना वाचून दाखवलं. रतीब लगेच समजला, 'संप्रेरक'वर थांबल्या. शिवाय त्या विचारतात, तुकडे हाडातच सुटतात ना, मग तुम्ही फुफ्फुसाचं काय बोलत होतात? मी दुसरीकडे काहीतरी वाचलं होतं, ते त्यांना सांगितलं होतं.

रक्तशास्त्र_निवृत्त
फुफ्फुसाचं इथे कोणी बोललं नव्हतं, पण प्रश्न खरा आहे. नाव देणाऱ्या हॉवेलनेच 1937 मध्ये म्हटलं होतं की प्लेटलेट फुफ्फुसातही होतात. 2017 मध्ये उंदरांच्या फुफ्फुसात मोठ्या पेशी अडकून प्लेटलेट सोडताना दिसल्या, आणि त्या उंदरांत निम्म्या तिथून येतात असा अंदाज निघाला. माणसात किती, ते ठरलेलं नाही. मसुद्यात 'मज्जेतल्या पेशीचे तुकडे' आहे, 'मज्जेत सुटलेले' नाही. ते तसंच ठेवा.

स्लाइडवाला
'संप्रेरक'ला माझ्याकडे शब्द नाही. काउंटरवर आम्ही हार्मोनच म्हणतो.