शाळेच्या फाटकाशी इंजिन बंद ठेवा म्हणे!

दोन मुलांची आई: मुख्याध्यापिकांचं पत्र आलंय, ‘मुलांना न्यायला आल्यावर थांबलेल्या गाडीचं इंजिन बंद ठेवावे.’ मला हे अती वाटतं. सारखी गाडी चालू-बंद केली तर पेट्रोल उलट जास्तच जातं ना?

गॅरेजवाला: ताई, ते कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गरम इंजिन पुन्हा चालू करायला जेवढं पेट्रोल लागतं, तेवढं दहाएक सेकंद उभ्या गाडीत जळतंच. एसी लावून उभी असलेली कार तासाला साधारण लिटरभर पिते. घंटा व्हायच्या पाव तास आधी तुम्ही येता, म्हणजे पाव लिटर गेलं. अशा चाळीस गाड्या धरा, दहा लिटर. तेही सगळं एकाच फाटकापुढे.

कारप्रेमी: आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गार पडतो त्याचं काय? गार कन्व्हर्टर धूर साफ करत नाही.

गॅरेजवाला: मुद्दा बरोबर, पण अर्धाच. तो लगेच गार पडत नाही. पाव तासाने सुरू करताना थोडा वेळ धूर जास्त येईलही, पण म्हणून पाव तास धूर सोडत राहायचं का? टर्बो डिझेल जोरात पळवून आणली असेल तर मात्र मिनिटभर चालू ठेवा, मग बंद करा.

बसचालक: आम्हाला फाटकासमोर थांबू देणार नाहीत का आता? जागा कुठली देणार?

दोन मुलांची आई: दादा, थांबायला बंदी नाही, फक्त इंजिन बंद करायचंय.

आजोबा: मी फाटकाशी उभा राहतो म्हणून सांगतो. परवा पहिलीतला एक पोरगा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला, तर तोंड बरोबर सायलेन्सरपाशी. तुम्ही काचा लावून आत बसता, तुम्हाला तो वास येतच नाही.

धाकटीचा बाबा: पटतंय. पण माझी दहा महिन्यांची मुलगी मागे झोपलेली असते. भर उन्हात एसी बंद केला तर आत भट्टी होते. तिला उचलून झाडाखाली उभा राहू?

आजोबा: हो, राहा की.

धाकटीचा बाबा: रोज, दप्तर आणि थोरल्याला सांभाळून? सांगणं सोपं आहे, काका.

गॅरेजवाला: तुमची अडचण खरी आहे. लांब सावलीत लावून घंटेच्या वेळी पुढे येता आलं तर बघा. माझी पत्राबद्दल तक्रार वेगळीच आहे. घंटा झाल्यावर रांग दर पाच-दहा सेकंदांनी पुढे सरकते. तेव्हा प्रत्येक वेळी बंद करण्यात काही वाचत नाही, आणि थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी स्टार्ट-स्टॉपची सोय नसलेल्या गाडीच्या स्टार्टरला आणि बॅटरीला फुकटचा ताण. नियम घंटेआधीच्या थांब्यापुरता हवा. पत्रात तसं कुठे लिहिलंय?

दोन मुलांची आई: नाही लिहिलेलं. हे विचारायला उद्या जाते. पण एसीचं मला अजून पटलेलं नाही.