‘ओपन इंटरेस्ट’ला मराठीत काय म्हणावं?

कोरापान: एका लेखाचं मराठीकरण तपासतेय. विषय ऑप्शन चेन कशी वाचायची हा. चेन म्हणजे ठरल्या भावाला घेण्याचे हक्क, अर्थात कॉल, आणि विकण्याचे हक्क, अर्थात पुट, यांचा तक्ता. त्यात ‘ओपन इंटरेस्ट’साठी आधीच्या भाषांतरकाराने ‘खुले व्याज’ लिहिलंय. ते चुकलंय एवढं कळतं, पण बरोबर काय ते सुचत नाही. ‘खुला रस’ तर त्याहून विनोदी. आणि मुळात हा आकडा काय मोजतो तेच मला धड कळलेलं नाही, त्यामुळे शब्द अडलाय.

पाटीपेन्सिल: सरळ आहे की. ओपन इंटरेस्ट म्हणजे लोकांचा त्या स्ट्राइकमधला, म्हणजे त्या ठरल्या भावातला रस. कॉलचा ओआय जास्त म्हणजे जास्त लोकांना वाटतंय भाव वर जाणार. पुटचा जास्त म्हणजे खाली जाणार. ‘लोकपसंती’ म्हणा हवं तर.

उभासौदा: पाटीपेन्सिल, अर्धं बरोबर आहे तुमचं, पण उरलेलं अर्धं खिशाला महाग पडेल. प्रत्येक ऑप्शन कोणीतरी विकत घेतलेला असतो आणि कोणीतरी विकलेला असतो. कॉल घेणाऱ्याला भाव चढायला हवाय, विकणाऱ्याला तो चढायला नकोय. दोघे मिळून ओआय एकने वाढतो. मग ती पसंती कोणाची?

हा ‘इंटरेस्ट’ व्याजातला नाही आणि आवडीतलाही नाही. ‘या जमिनीत त्याचा हितसंबंध आहे’ म्हणतो ना, त्यातला तो. कोणाचा तरी हितसंबंध अजून गुंतलेला आहे, हिशेब मिटलेला नाही, एवढंच ‘ओपन’ सांगतं. म्हणून मी ‘उभे सौदे’ म्हणतो. सौदा झाला आणि अजून कापलेला नाही, तो उभा.

कोरापान: ‘उभे सौदे’ कानाला छान लागतंय. पण मग ओआय आणि व्हॉल्यूम यात फरक काय? चेनमध्ये दोन्ही रकाने शेजारी-शेजारी आहेत. व्हॉल्यूमला मी ‘उलाढाल’ केलंय.

उभासौदा: एकाच स्ट्राइकचा एकच कॉल घ्या आणि सकाळपासून बघा. आदल्या दिवशी उभं काही नव्हतं असं धरू.

क ने ख कडून 10 लॉट घेतले. दोघेही नवीन. उलाढाल 10, उभे सौदे 10.

थोड्या वेळाने क ने त्यातले 5 ग ला विकले. क अर्धा बाहेर पडला, त्याच्या जागी ग आला. उलाढाल 15 झाली, उभे सौदे मात्र 10 च. फक्त माणूस बदलला.

दुपारी ग ने आपले 5 विकून टाकले आणि घेणारा नेमका ख निघाला. ख ने आधी विकलेले होते, आता परत घेऊन तो तेवढ्यापुरता मोकळा झाला. दोघांचेही सौदे मिटले. उलाढाल 20, उभे सौदे 5.

म्हणजे उलाढाल दिवसभर वाढतच जाते आणि दुसऱ्या दिवशी शून्यापासून सुरू होते. उभे सौदे वाढतात, घटतात, उद्यावर जातात आणि मुदत संपली की त्या मुदतीचे सगळे पुसले जातात. तुमच्या लेखात ‘आज ओआय इतका झाला’ असं कुठे असेल तर बदला. ओआय होत नाही, उरतो.

मोडीवाचक: थोडं विषयाला सोडून, पण शब्दांसाठी उपयोगी. कॉल आणि पुट यांना आपल्याकडे जुने शब्द आहेत: ‘तेजी’ आणि ‘मंदी’. 1956 च्या रोखे करार नियमन कायद्यात ऑप्शनची व्याख्या करताना तेजी, मंदी, तेजी मंदी, गल्ली, पुट, कॉल असे शब्द ओळीने दिलेत, तेही इंग्रजी मजकुरात. तेव्हा कॉलला ‘तेजी’ आणि पुटला ‘मंदी’ लिहायला काय हरकत आहे? गुजराती बाजारसदरांत ‘ऊभा ओळिया’ म्हणतात, ते तर तुमच्या ‘उभ्या सौद्यां’चं सख्खं भावंड.

उभासौदा: गोड शब्द आहेत, पण आज घोळ होईल. ‘त्याने तेजी विकली’ म्हणजे तो मंदीत आहे, हे नव्या वाचकाला चार वेळा समजावावं लागेल. कॉल आणि पुट तसेच राहू द्यावेत.

चिंचोका: माझा प्रश्न वेगळा आहे, इथे चालेल का? माझ्याकडे 1020 चा कॉल आहे. मूळ शेअरचा भाव 1000 च्या आसपास. चेनमध्ये 1020 ला सर्वात जास्त ओआय आहे. सगळे म्हणतात तिथे भिंत आहे, भाव अडणार. विकून टाकू का?

उभासौदा: विकायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, इथे चर्चा शब्दांची आहे. पण ‘भिंत’ हाही शब्दच आहे आणि तो फसवा आहे, म्हणून त्याबद्दल बोलतो. समजा चेन अशी आहे, आकडे लॉटमध्ये:

```
CALL OI   STRIKE   PUT OI
  2000      960    11000
  4000      980    14000
 12000     1000    12000
 16000     1020     3000
 11000     1040     2000
```

मधला रकाना स्ट्राइकचा, डावीकडे कॉल, उजवीकडे पुट. 1020 ला 16,000 कॉल उभे आहेत. भिंतीचा तर्क असा, की हे विकणारे मोठे खेळाडू असतात आणि भाव 1020 च्या वर जाऊ नये यात त्यांचा फायदा आहे. पण त्यातल्या किती जणांकडे मूळ शेअर किंवा वायदा आधीच घेतलेला आहे, ते चेन सांगत नाही. ज्याच्याकडे तो आहे त्याला भाव 1040 ला गेला तरी झोप लागते. त्याला भिंत राखायची गरजच नाही. ज्याच्याकडे नाही, तो भाव 1020 ओलांडताना घाबरून आपला विकलेला कॉल परत घेतो आणि भाव आणखी वर ढकलला जातो. तेव्हा भिंत अडवत नाही, कोसळताना वेग देते.

हे चालू आहे की नाही याचा अंदाज `CHNG IN OI` या रकान्यावरून येतो. भाव चढतोय, कॉलचा भावही चढतोय आणि 1020 समोर ओआयचा बदल उणे दिसतोय, तर लोक सौदे कापतायत आणि त्यात विकलेले परत घेणाऱ्यांची घाई जास्त असावी. भाव तिथे घुटमळतोय आणि बदल अधिक आहे, तर नवे सौदे उभे राहतायत. नुसता 16,000 हा आकडा बघून यातलं काहीच कळणार नाही.

पाटीपेन्सिल: म्हणजे ओआय वाढला आणि ऑप्शनचा भाव पडला तर विकणारे जोरात, भाव चढला तर घेणारे जोरात. बरोबर ना आता?

उभासौदा: बऱ्यापैकी. पण कॉलचा भाव मूळ भाव पडला म्हणूनही पडतो, आणि नुसता दिवस सरला म्हणूनही. त्यामुळे मूळ भाव जागेवर असताना ऑप्शन स्वस्त झाला, `IV`, म्हणजे ऑप्शनच्या भावात धरलेली चढउतार, उतरली आणि ओआय वाढला, तेव्हाच ‘विकणारे जोरात’ म्हणायला जरा आधार मिळतो.

कोरापान: आता पुट-कॉल रेशो. मी ‘पुट-कॉल गुणोत्तर’ करतेय. लेखात म्हटलंय, 1 च्या वर असेल तर तेजी. पण दुसरीकडे वाचलं, 1 च्या वर म्हणजे भीती. भाषांतर चुकलंय की मूळच चुकलंय?

पाटीपेन्सिल: पुट जास्त म्हणजे मंदी. यात काय शंका?

उभासौदा: वरच्या चेनचा हिशेब करा. पुटची बेरीज 42,000, कॉलची 45,000. 42,000 भागिले 45,000, म्हणजे साधारण 0.93.

तेजी म्हणणारे असं धरतात की पुट मुख्यतः जाणत्यांनी विकलेत आणि भाव खाली जाणार नाही याची त्यांना खात्री आहे. भीती म्हणणारे धरतात की पुट विमा म्हणून घेतलेत. आकडा तोच, फक्त कोणाचा हात धरायचा ते वेगळं. शिकागोच्या सीबोई बाजाराचे जे रेशो जगभर बघितले जातात, ते उलाढालीवरचे असतात, उभ्या सौद्यांवरचे नाहीत. तेव्हा लेखात रेशो कशावरून काढलाय ते आधी बघा. दोन्ही बाजू खरं तर वेगवेगळ्या आकड्यांबद्दल भांडत असतील.

मोडीवाचक: मला वाटतं भीतीचा अर्थ जास्त नैसर्गिक आहे. सामान्य माणूस पुट घेतो, विकत नाही.

उभासौदा: सामान्य माणूस कॉलही बहुतेक घेतोच, त्यामुळे त्यावरून सुटत नाही. पण त्याआधीची अडचण बघा. याच चेनमध्ये खाली 860 ची ओळ जोडू. तिथे 12,000 पुट उभे आहेत आणि कॉल जवळपास नाहीतच. आता पुट 54,000, कॉल 45,000. रेशो 1.2. बाजार तसूभर हलला नाही, कोणाचं मत बदललं नाही, फक्त तुम्ही एक ओळ जास्त मोजली. म्हणून दोन संकेतस्थळांवर एकाच वेळी दोन वेगळे रेशो दिसतात. एक पाच ओळी मोजतो, दुसरा सगळ्या. कोणी फक्त जवळची मुदत घेतं, कोणी सगळ्या मुदती.

कोरापान: पण 860 चे पुट घेतं कोण? भाव 1000 वर असताना?

उभासौदा: स्वस्त असतात म्हणून. बरेचदा 980 चा पुट विकणाराच 860 चा घेऊन ठेवतो, म्हणजे तोटा एका मर्यादेपलीकडे जात नाही आणि मार्जिनही कमी लागतं. तो माणूस तेजीत आहे, पण त्याचा एक सौदा 980 समोर मोजला गेला, दुसरा 860 समोर. पुटच्या बेरजेत दोन आणि मत एकच.

चिंचोका: म्हणजे माझ्या 1020 च्या कॉलचं काय ते राहिलंच.

मोडीवाचक: कोरापान, ‘1 च्या वर तेजी’ हे मूळ लेखात ठामपणे लिहिलंय की ‘मानतात’ असं?

कोरापान: ठामपणे. मी ‘मानणारे आहेत’ करतेय आणि खाली टीप टाकतेय की रेशो उभ्या सौद्यांवर काढलाय की उलाढालीवर ते लेखकाने दिलेलं नाही. ‘खुले व्याज’ सगळीकडून काढलं. ‘उभे सौदे’ की ‘उभे करार’ यावर मात्र संपादकांशी भांडण व्हायचंय. त्यांना ‘सौदा’ शब्दाला सट्ट्याचा वास येतो.

उभासौदा: येऊ द्या की. विषयालाही थोडा आहेच.